हातउसने नव्वद हजार: पुराव्याचा कायदा एका दाव्यातून

पुराव्याच्या कायद्याची कलमं पाठ करून वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला "हा पुरावा चालेल का?" असं विचारलं की तो लगेच हो किंवा नाही म्हणून मोकळा होतो. खरं तर एवढ्याशा प्रश्नाला उत्तरच नाही. कुठली गोष्ट शाबीत करण्यासाठी हा पुरावा आणलाय आणि ती गोष्ट शाबीत करायची जबाबदारी कुणावर आहे, हे कळल्याशिवाय चालेल की नाही ते सांगता येत नाही. म्हणून इथे एकच साधा दावा शेवटपर्यंत नेला आहे. नावं काल्पनिक आहेत. भांडण मात्र बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कुठल्याही गावात सापडेल असं आहे.

परशरामचं म्हणणं असं. नारायणला बोअर मारायची होती. 12 एप्रिल 2023 रोजी परशरामनं त्याला आपल्या घरात नव्वद हजार रुपये रोख, हातउसने दिले. कागद केला नाही. उसाचं बिल आलं की देतो, असं नारायण म्हणाला होता. बिल आलं, पैसे आले नाहीत. ऑगस्ट 2025 मध्ये परशरामनं खानापूरच्या दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा लावला. उसन्या पैशाला मुदत तीन वर्षांची, तीही पैसे दिल्या दिवसापासून मोजायची. म्हणजे मुदतीचा प्रश्न नाही. दावा 1 जुलै 2024 नंतरचा आहे, त्यामुळे त्याला भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 लागू होतो. त्या तारखेआधीपासून चालू असलेल्या दाव्यांना 1872 चाच कायदा लागू राहतो. जुन्या निवाड्यांत जुनी कलमं दिसतील, म्हणून दोन्ही आकडे जवळ ठेवावेत.

आधी कैफियत वाचा

साक्षीदारांची यादी करण्याआधी नारायणची लेखी कैफियत वाचायची. दाव्याचा अर्धा निकाल तिथे असतो. ती दोन प्रकारची असू शकते.

पहिली: "मी पैसे घेतलेच नाहीत."
दुसरी: "घेतले होते, पण फेब्रुवारी 2024 मध्ये फेडले."

दोन्हींत नारायण "देणं लागत नाही" असंच म्हणतो, पण पुराव्याच्या दृष्टीनं हे दोन वेगळे दावे आहेत. कबूल केलेली गोष्ट शाबीत करावी लागत नाही (कलम 53, जुनं 58). दुसऱ्या कैफियतीत पैसे घेतल्याचं नारायणनं स्वतःच लिहून दिलंय. मग 12 एप्रिलला काय झालं यावर साक्षीदार आणणं म्हणजे कोर्टाचा वेळ घालवणं. तिथे वादात एकच गोष्ट उरते: फेड झाली की नाही.

तिसरा एक प्रकार वरचेवर दिसतो. "दाव्यातील मजकूर खोटा व नाकबूल आहे" असं एक वाक्य लिहून कैफियत संपवतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 8 प्रमाणे प्रत्येक गोष्ट नेमकेपणानं नाकारावी लागते, मोघम नकार चालत नाही. जी गोष्ट नेमकी नाकारली नाही, ती कबूल धरली जाऊ शकते. "नव्वद हजार घेतले नाहीत" एवढंच लिहिलं, तर मग सत्तर घेतले होते का, असा प्रश्न उभा राहतोच.

मग भार कुणावर, ते ठरवा

नियम कलम 104 मध्ये आहे (जुनं 101): ज्याला कोर्टाकडून निकाल हवा आहे, तो ज्या गोष्टींवर उभा आहे त्या त्यानंच शाबीत करायच्या. पण विद्यार्थ्याला खरी मदत होते ती कलम 105 ची (जुनं 102). त्यात एक चाचणी दिली आहे. दोन्ही बाजूंनी काहीच पुरावा दिला नाही, एकही साक्षीदार पिंजऱ्यात आला नाही, तर कोण हरेल? जो हरेल त्याच्यावर भार.

आपल्या दाव्यावर ती लावून पाहू. पहिल्या कैफियतीत कुणीच काही बोललं नाही, तर कोर्टासमोर फक्त परशरामचा दावा आणि नारायणचा नकार राहतो. पैसे दिल्याचं कशावरूनच दिसत नाही, म्हणून परशराम हरतो. भार त्याच्यावर. दुसऱ्या कैफियतीत कुणीच बोललं नाही, तर घेतल्याची कबुली कागदावर आहे आणि फेडल्याचं कशावरूनच दिसत नाही. नारायण हरतो, म्हणून भार नारायणवर. इतकंच नाही, ऑर्डर 18 च्या पहिल्या नियमाप्रमाणे अशा वेळी पुरावा सुरू करण्याची पाळीही प्रतिवादीकडे येऊ शकते.

यातच एक घोटाळा होतो. "भार सरकला" हे वाक्य उत्तरपत्रिकेत सरसकट लिहिलं जातं. कैफियतीवरून ज्या मुद्द्याचा भार ज्याच्यावर पडला, तो शेवटपर्यंत त्याच्यावरच राहतो. सरकते ती पुरावा देण्याची पाळी. पहिल्या कैफियतीत परशराम आणि त्याच्या दोन साक्षीदारांनी पटण्यासारखं सांगितलं, की आता नारायणला गप्प बसून चालत नाही, पाळी त्याच्यावर आली. पण सगळं ऐकून झाल्यावरही पारडं समान राहिलं तर हरायचं परशरामनंच. हा फरक सर्वोच्च न्यायालयानं 1964 च्या राघवम्मा विरुद्ध चेंचम्मा या निवाड्यात मांडला आहे.

पाळी आल्यावरही नारायण स्वतः पिंजऱ्यात आलाच नाही, तर? 1999 च्या विद्याधर विरुद्ध माणिकराव निवाड्याप्रमाणे, जो पक्षकार स्वतः साक्ष देऊन उलटतपासणीला सामोरा जात नाही, त्याचं म्हणणं खरं नाही असं कोर्ट गृहीत धरू शकतं. "वकिलांनी उलटतपासणीत सुचवलं होतं की" हे त्याला तारत नाही. साक्षीदारानं नाकारलेली सूचना म्हणजे पुरावा नव्हे. अभिरूप न्यायालयात निम्मी मुलं इथे घसरतात.

ऐकीव पुरावा: बाळूची चार वाक्यं

आता पहिली कैफियत धरून चालू. परशरामचा एक साक्षीदार आहे शेजारी बाळू. पैसे दिले तेव्हा तो तिथे नव्हता. तो चार गोष्टी सांगायला तयार आहे:

1. "दुसऱ्या दिवशी परशराम मला म्हणाला, काल नारायणला नव्वद हजार दिले."
2. "दिवाळीच्या आधी खानापूरच्या बाजारात नारायण मला म्हणाला, परशराम अण्णाचे नव्वद हजार द्यायचे आहेत, उसाचं बिल आलं की देऊन टाकतो."
3. "नारायणचा भाऊ म्हणाला, आमच्या नारूनं परशरामकडनं पैसे घेतलेत."
4. "गेल्या वर्षी परशराम नारायणला माझ्यासमोर म्हणाला, माझे पैसे कधी देणार?"

चारही वाक्यांत बाळू दुसऱ्याचे शब्द सांगतोय, म्हणून चारही ऐकीव, असं म्हणून सगळी फेटाळली तर चूक. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे असं कलम 55 (जुनं 60) सांगतं: पाहण्याची गोष्ट असेल तर जिनं पाहिली तिनं, ऐकण्याची असेल तर ज्यानं ऐकली त्यानं सांगायचं. म्हणून प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारा. हे शब्द कोर्टापुढे कशासाठी आणलेत? आणि ते मूळ कुणाचे आहेत?

चौथ्यापासून सुरुवात करू, ते सोपं आहे. परशरामनं पैसे मागितले होते, एवढंच दाखवायचं असेल, तर मागणीचे शब्द बाळूनं स्वतः ऐकले आहेत. परशरामचं घेणं खरं आहे की नाही, याच्याशी इथे कामच नाही. शब्द उच्चारले गेले ही गोष्टच शाबीत करायची आहे, म्हणून ही प्रत्यक्ष साक्ष. पण याच वाक्यावरून "बघा, मागितले म्हणजे दिलेच असणार" असं म्हणायला गेलात, की त्याच क्षणी ते ऐकीव होतं. वाक्य तेच, वापर बदलला. (मागणी ऐकून नारायण काय म्हणाला किंवा कसा गप्प राहिला, ते मात्र त्याचं वर्तन म्हणून वेगळं विचारता येतं. विचारायला विसरू नये.)

तिसरं वाक्य बाहेर. भाऊ दाव्यात पक्षकार नाही, नारायणचा मुखत्यार नाही. भावाला माहीत असेल तर भावानं यावं, शपथ घ्यावी, उलटतपासणीला उत्तरं द्यावीत. ऐकीव पुरावा नाकारण्याचं मुख्य कारण हेच आहे. नारायणच्या वकिलानं बाळूला कितीही खोदून विचारलं, तरी भावानं हे पाहिलं होतं की अंदाजानं म्हटलं होतं, ते बाळूला सांगता येणार नाही.

दुसरं वाक्य या दाव्यातलं सोनं आहे. शब्द प्रतिवादीचेच आहेत आणि त्याच्या विरुद्ध जाणारे आहेत. कायद्यात ती कबुली (कलम 15 पासून पुढे, जुनं 17 पासून) आणि ती त्याच्याविरुद्ध वापरता येते. बाळूनं नारायणचे शब्द आपल्या कानांनी ऐकले आहेत, म्हणून कलम 55 लाही अडचण नाही. त्यानं हे खरंच ऐकलं का, हा प्रश्न उलटतपासणीचा. कुठल्या दुकानासमोर, आणखी कोण होतं, दिवाळीला किती दिवस होते, आणि नारायण उसन्या पैशाची गोष्ट तुलाच का सांगेल? बाळूला शेवटच्या प्रश्नाचं साधं, पटणारं उत्तर देता आलं पाहिजे.

पहिल्या वाक्यात विद्यार्थी सर्वांत जास्त गोंधळतात. शब्द परशरामचे, आणि परशरामच ते आपल्या बाजूनं वापरू पाहतोय. पक्षकाराला स्वतःचंच जुनं बोलणं स्वतःच्या फायद्यासाठी सहसा शाबीत करता येत नाही (कलम 19, जुनं 21). नाहीतर दावा लावण्याआधी दहाजणांना गोष्ट सांगून ठेवली की दहा साक्षीदार तयार. पण एक अरुंद दरवाजा उघडा आहे. परशरामनं आधी पिंजऱ्यात येऊन पैसे दिल्याचं सांगितलं, तर घटनेच्या सुमारास त्यानं तेच म्हटलं होतं हे त्याच्या साक्षीला दुजोरा म्हणून दाखवता येतं (कलम 160, जुनं 157). म्हणजे हे वाक्य पैसे दिल्याचा स्वतंत्र पुरावा नाही. परशरामची साक्ष पडली तर तेही तिच्याबरोबर पडतं.

बाळूचं सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र तयार करताना ही छाननी करून मगच लिहावं. प्रत्यक्षात "वादीने प्रतिवादीस पैसे दिले, हे खरे आहे" असं एक वाक्य सगळ्या साक्षीदारांच्या प्रतिज्ञापत्रांत जसंच्या तसं उतरवतात. मग पहिल्याच प्रश्नाला बाळू म्हणतो, "मी तिथे नव्हतो." एवढ्यानं त्याच्या दुसऱ्या, खऱ्या उपयोगी वाक्याचीही किंमत जाते.

लक्ष्मीची साक्ष आणि भाषेचा प्रश्न

परशरामची बायको लक्ष्मी त्या दिवशी घरात होती. बायको आहे म्हणून ती अपात्र ठरत नाही. तिच्या साक्षीकडे कोर्ट जास्त बारकाईनं बघेल, इतकंच. साक्षीदार किती हवेत याला कायद्यात आकडा नाही (कलम 139, जुनं 134). तिनं काय पाहिलं आणि काय ऐकलं, हे मात्र वेगळं काढा. समजा ती स्वयंपाकघरात होती. तिनं पाचशेच्या नोटांची बंडलं पाहिली, मोजणी पाहिली नाही, पण नारायणचा आवाज ऐकला: "एकशे ऐंशी भरल्या." पाचशेच्या एकशे ऐंशी नोटा म्हणजे नव्वद हजार. बंडलं तिनं पाहिली म्हणून सांगावं आणि आकडा ऐकला म्हणून सांगावा. "माझ्यासमोर मोजले" असं तिच्या तोंडी घातलं, तर स्वयंपाकघर आणि सोपा यांच्यामधली भिंत उलटतपासणीत आडवी येते.

बेळगाव जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. लक्ष्मी मराठीत बोलते, नोंद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत होते. "नारायणनं पैसे नेले म्हणे" असं ती म्हणाली आणि नोंदीत "नारायणनं पैसे नेले" एवढंच आलं, तर ऐकीव गोष्ट कागदावर प्रत्यक्ष होऊन बसते. उलटंही घडतं. ऑर्डर 18 च्या सहाव्या नियमात यावर उपाय आहे. साक्ष ज्या भाषेत नोंदली ती साक्षीदाराला समजत नसेल, तर नोंदलेली साक्ष तिला तिच्या भाषेत समजावून सांगितली पाहिजे. साक्षीदारानं सही किंवा अंगठा करण्याआधी वकिलानं हे मागायचं. महिन्यानं अर्ज देऊन "मी तसं म्हणाले नव्हते" सांगणं फार अवघड जातं. प्रतिज्ञापत्र इंग्रजीत टाईप केलं असेल, तर ते तिला मराठीत वाचून दाखवून मगच सही घ्या. "यात काय लिहिलंय?" हा उलटतपासणीतला ठरलेला प्रश्न आहे.

बँकेच्या उताऱ्याचं थोडक्यात. 10 एप्रिलला परशरामनं एक लाख काढल्याची नोंद आहे. बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, 1891 प्रमाणे प्रमाणित प्रत आणली की ती दाखल होते. तिनं काय शाबीत होतं? परशरामकडे त्या दिवशी रोकड होती, एवढंच. ती नारायणला दिली हे नाही. तरीही उतारा आणावा, कारण "एवढे पैसे तुझ्याकडे आले कुठून?" या प्रश्नाचं ते उत्तर आहे.

दुसरी कैफियत: मेलेल्या दुकानदाराची वही

आता कैफियत बदलू. नारायण म्हणतो: पैसे घेतले, पण 3 फेब्रुवारी 2024 ला गावातल्या किराणा दुकानदाराकडे नव्वद हजार ठेवले, त्यानं ते परशरामला दिले. दुकानदार पुढे वारला. त्याच्या वहीत दोन नोंदी आहेत:

"3-2-24 नारायणकडून, परशरामला देणेसाठी, जमा 90,000"
"5-2-24 परशरामला दिले 90,000"

भार आता नारायणवर आहे आणि त्याचा मुख्य साक्षीदार जिवंत नाही. वही म्हणजे कोर्टाबाहेर लिहिलेले शब्द, लिहिणाऱ्याची उलटतपासणी अशक्य, म्हणून एरवी ऐकीवच. पण मृताच्या काही विधानांना कलम 26 (जुनं 32) आत घेतं. मृत्युपूर्व जबानी याच कलमात येते, त्यामुळे हे कलम फक्त खुनाच्या खटल्याचं, असा समज पक्का झालेला असतो.

पहिली पायरी, दुकानदार वारला हेच शाबीत करायचं. ज्या गोष्टीवर दुसरा पुरावा दाखल होणं अवलंबून आहे, ती गोष्ट तो पुरावा देणाऱ्यानंच शाबीत करायची (कलम 107, जुनं 104). मृत्यूचा दाखला आणला की झालं. तो आणायचा राहून गेला आणि समोरच्यानं हरकत घेतली, तर वही दाखल होण्याचा पायाच उरत नाही.

दुसरी पायरी अक्षराची. दुकानदाराचा मुलगा वडिलांचं अक्षर ओळखतो, तो ते सांगू शकतो (कलम 41, जुनं 47). त्याला इथेच थांबवावं. "बाबा मला म्हणाले होते, परशरामला पैसे पोचवले" असं तो पुढे सांगू लागला की हरकत येणार. मूळ वही आणावी. झेरॉक्स आणली तर मूळ का आणता आली नाही, याचं कायद्यात बसणारं कारण द्यावं लागतं (कलम 60, जुनं 65).

तिसरी पायरी, दोन्ही नोंदी स्वतंत्रपणे तपासायच्या. पहिल्या नोंदीत दुकानदार स्वतःवर दुसऱ्याच्या नव्वद हजारांची जबाबदारी घेतोय. स्वतःच्या पैशाच्या हिताविरुद्ध माणूस उगाच लिहीत नाही, म्हणून ती नोंद त्या पोटकलमात बसते. दुसऱ्या नोंदीत तो जबाबदारीतून मोकळा होतोय. ती त्याच्या हिताची आहे, त्यामुळे तो आधार मिळत नाही. तिच्यासाठी दुसरा रस्ता: धंद्याच्या नेहमीच्या ओघात केलेली नोंद. त्यासाठी दुकानदार गावकऱ्यांचे पैसे असे ठेवून घ्यायचा आणि त्याच वहीत रोजच्या रोज लिहायचा, हे मुलाकडून आणि वहीच्या इतर पानांवरून दाखवावं लागेल. आधीची-नंतरची पानं तारखेच्या क्रमानं आहेत का, शाई एकसारखी आहे का, ती ओळ दोन ओळींच्या मधे कोंबलेली तर नाही ना, हे परशरामचा वकील पाहणारच.

आणि मग किंमत. हिशेबाच्या वहीतली नोंद दाखल झाली, तरी केवळ तिच्यावर कुणावर देणं लादता येत नाही (कलम 28, जुनं 34). इथे नारायण वहीवरून देणं लादत नाही, फेड दाखवतोय. तरीही दुजोरा नसेल तर कोर्ट हात आखडता घेतं. त्या आठवड्यात उसाचं बिल नारायणच्या खात्यात जमा झालं आणि त्यानं रक्कम काढली, असा उतारा असेल तर पहिल्या नोंदीला बळ येतं. दुसरी नोंद, म्हणजे परशरामच्या हातात पैसे पडले, ही मात्र अजून एकटीच उभी आहे. वहीत परशरामची सही नाही. परशराम पिंजऱ्यात येऊन "मला मिळाले नाहीत" म्हणाला आणि उलटतपासणीत टिकला, तर नारायणनं दुकानदाराकडे पैसे ठेवल्याचं शाबीत होऊनही फेड "नाशाबित" राहू शकते. कारण दुकानदाराला मधे घालणं परशरामनं मान्य केलं होतं, हे नारायणनं कैफियतीत लिहिलेलंच नाही. तसं लिहिलं असतं आणि शाबीत केलं असतं, तर दुकानदाराला पैसे पोचले तेव्हाच नारायण सुटला असता आणि दुसऱ्या नोंदीची गरजच पडली नसती.

हरकत कधी घ्यायची

हरकतीचे दोन प्रकार आहेत. पुरावा मुळात दाखल होण्याजोगाच नाही, ही हरकत नंतर, अपिलातही घेता येते. पण शाबितीची पद्धत चुकली, उदाहरणार्थ मूळ वहीऐवजी झेरॉक्स आली, ही हरकत कागदाला नंबर पडतानाच घ्यावी लागते. तेव्हा गप्प राहिलात तर ती सोडून दिली असं धरतात (वेंकटाचल गौंडर, 2003). कारण सरळ आहे. वेळेवर हरकत आली असती, तर समोरच्यानं मूळ वही आणली असती.

जाता जाता, महाराष्ट्रातली पुस्तकं वाचून आलेल्यांसाठी: तिथे दाव्यातल्या कागदांना सलग "निशाणी" नंबर पडतात. कर्नाटकात वादीचे कागद एक्झिबिट पी-1, पी-2 आणि प्रतिवादीचे डी-1, डी-2 असे जातात, साक्षीदार पीडब्ल्यू आणि डीडब्ल्यू. युक्तिवादात "निशाणी 27" म्हटलंत तर कुणाला काही कळणार नाही.

नारायणनं फोनवर दिलेल्या कबुलीचं रेकॉर्डिंग परशरामकडे असेल तर? मूळ फोन कोर्टात हजर करून परशरामनं त्याबद्दल साक्ष दिली तर तो मूळ दस्तऐवज. पेन ड्राइव्हवर नक्कल दिली तर कलम 63 (जुनं 65-ब) खालचं प्रमाणपत्र लागतंच, हे अर्जुन पंडितराव खोतकर निवाड्यानं 2020 मध्ये पक्कं केलं. नव्या कायद्यात त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग अ पुरावा देणाऱ्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं, आणि फाईलचा हॅश, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून संगणकानं काढलेला तिचा ओळखीचा आकडा, उदाहरणार्थ SHA256, त्यात लिहायचा. हॅश काढल्यावर फाईल कापली, आवाज वाढवला किंवा दुसऱ्या प्रकारात साठवली तर आकडा बदलतो आणि प्रमाणपत्र त्या फाईलचं राहत नाही. म्हणून आधी अख्खं रेकॉर्डिंग जसंच्या तसं उतरवून त्याचा हॅश घ्यायचा, कामाच्या दोन मिनिटांचं मराठी शब्दांकन आणि कोर्टाच्या भाषेतलं भाषांतर वेगळ्या कागदावर द्यायचं.